माळी, माड आणि वैतागलेलं कासव

कोणे एके काळी, जेव्हा जनावरं बोलत आणि माणसं थोडंफार ऐकतही असत, तेव्हाची ही गोष्ट. समुद्रापासून फार लांब, मुरमाड माळावर एक विहीर होती. तिच्यात एक म्हातारं कासव राहायचं आणि ते सदा वैतागलेलं असायचं.

वैतागू नये तर काय करावं? लोकांनी त्याला चिकाटीचा गुरू करून टाकलं होतं. कुणाचं काही अडलं, की आलाच काठावर. "कासवबाबा, तुमच्यासारखा नेट द्या!" कासव म्हणे, "अरे, मला हळूच चालता येतं! त्यात कसला आलाय नेट?" पण ऐकतो कोण!

सगळ्यात जास्त डोकं खाई तो विहिरीचा मालक, एक माळी. त्याची लिंबांची बाग होती आणि घर चालायचं ते तिच्यावरच. पण या पठ्ठ्यानं साऱ्या गावासमोर शब्द दिला होता, "या माळावर नारळ पिकवून दाखवीन!" दरवर्षी तो माड लावी, दरवर्षी चैत्रात कोंब करपे. मग माडांना आणखी पाणी. मोट दिवसभर चाले, विहीर तळाला जाई, कासवाची पाठ उन्हात भाजे. तिकडे लिंबं पाण्यावाचून सुकायला लागली होती.

एका संध्याकाळी माळी म्हणाला, "बाबा, यंदा पुन्हा लावतो. प्रयत्नांती परमेश्वर!"

कासवाचा पारा चढला. "परमेश्वराला मध्ये आणू नकोस! माड पहिल्यांदा करपला, मग काय केलंस?"

"खड्ड्यात वाळू आणि मीठ घातलं."

"मग?"

"करपला. मग चटयांची सावली केली, पाणी वाढवलं."

"आणि?"

"पुन्हा करपला."

"बरं, लिंबं लावलीस तेव्हा?"

"पहिली तीही मेली की! मग खड्डे खोल केले, तर जगली. खत बदललं, तर फुलली."

"हेच तर सांगतोय, लेका! लिंबांनी तुझ्या कष्टाला थोडं थोडं का होईना, उत्तर दिलं. तिथं चिकटून राहणं बरोबर. माडासाठी हातातलं सगळं बदलून पाहिलंस आणि दरवेळी तेच झालं. ऊन काय तुझ्या हातात आहे? आज दारात एकही माड नसता, कुणाला शब्द दिला नसतास, तर हे सगळं ठाऊक असताना माड लावले असतेस?"

"नसते लावले. पण एवढी वर्षं घातली, ती वाया?"

"ती गेलीच! म्हणून पुढचीही घालवायची? आणि मुळात नारळ हवेत कशाला?"

"बायको किनाऱ्यावरची. नवी नवरी होती तेव्हा म्हणाली होती, नारळाशिवाय जेवणाला चव नाही."

बायको तेव्हाच घागर घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरत होती. तिनं कपाळाला हात लावला. "अहो, कधी म्हणाले होते मी ते! आता मला शेंगदाण्याचं कूटच आवडतं. एकदा तरी विचारलंत का? सणाला नारळ लागलाच तर बाजारात लिंबं देऊन मिळतो!"

तरीही माळ्याला माड सोडवेना. "एकच वर्ष. शेवटचं."

"घे एक वर्ष," कासव करवादलं. "पण थांबायची खूण आत्ता सांग, डोकं थंड आहे तोवर. नंतर तू सबबी काढशील."

माळ्यानं बायकोसमोर सांगितलं, "चैत्रात कोंब करपला, किंवा विहिरीच्या तळचा काळा दगड उघडा पडला, तर माडांचं पाणी बंद."

चैत्र आला. कोंब करपला आणि काळा दगडही उघडा पडला. माळी म्हणाला, "यंदा ऊन जरा जास्तच होतं, नाहीतर..."

"ऊन दरवर्षीच असतं!" बायकोनं त्याच्या हातात कुदळ दिली. माळ्यानं माडांचा पाट मोडला, पाणी लिंबांकडे वळवलं आणि काठावर बसून ढसाढसा रडला. "हरलो, बाबा. लोक काय म्हणतील?"

कासवाचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "मला नदीवर जायचं होतं. कैक पावसाळे या पायऱ्या चढायला धडपडलो. पायरी माझ्यापेक्षा उंच, ती काय लहान होणार होती? शेवटी सोडलं. अजून नदी आठवली की वाईट वाटतं. पण वाईट वाटणं म्हणजे हरणं नव्हे रे. लोकांचं म्हणशील, तर ते हसतील चार दिवस."

गाव खरंच चार दिवस हसलं, मग त्याला हसायला दुसरं कुणीतरी मिळालं. उशीर झालाच होता. बागेतली काही जुनी झाडं गेली ती गेलीच, आणि माळ्याला ते फार लागलं. उरलेली मात्र तगली. माडांवरच्या चटया त्यानं लिंबांच्या नव्या रोपांवर घातल्या आणि ती रोपं पुढचा उन्हाळा तरून गेली.

एकदा बाजारात कुणीतरी डिवचलं, "काय हो, माड सोडलेत म्हणे?"

"सोडले," माळी टोपली पुढे सरकवत म्हणाला. "लिंबांसाठी सोडले. बोला, किती देऊ?"

तात्पर्य: कष्टाला उत्तर मिळतं तिथं टिकावं, मिळत नाही तिथं थांबायची खूण आधीच ठरवावी, म्हणजे सोडताना मान खाली घालावी लागत नाही.