लोणच्याचा सट आणि चार ओळींची चिठ्ठी

"माफी मागायची आहे, पण माझी मान खाली जाता कामा नये! आणि सोबतची भेट परत आली, तर पाठवणाऱ्याची मिशी भादरीन!"

राजा चंद्रसेनाचं हे फर्मान निघाल्याला आठ दिवस झाले होते आणि दरबारात तीन जण मिशीवाचून तोंड लपवत फिरत होते. दिवाणजींनी मोत्यांचा कंठा पाठवला, परत आला. सेनापतींनी घोडा पाठवला, तो तर दाणा खाऊन परत आला. राजकवींनी शालीबरोबर बावन्न ओळींचं पत्र धाडलं. त्याची तर घडीसुद्धा मोडली नव्हती!

रुसला होता केदारजी देसाई, राजाचा लहानपणापासूनचा जिवलग. सोंगट्यांचा डाव चालला असताना राजाने त्याला भरल्या दरबारात "लबाड" म्हटलं होतं. केदारजी उठला, घरी गेला आणि देवडीवरच्या पहारेकऱ्याला सांगून टाकलं, "राजवाड्यातून आलेली काडीही आत घ्यायची नाही."

मुदपाकखान्यात भांडी घासणाऱ्या म्हाळसाला हे कळलं, तशी ती खदखदून हसली. नेमका राजा तिथून चालला होता.

"हसतेस काय गं?"

"हसू नको तर काय करू? दोस्त रुसला, आणि तुम्ही त्याला घोडा धाडता! तो काय पायी फिरून दमला म्हणून रुसलाय?"

"मग तू कर! नाही जमलं तर तुझ्या हंड्यांसकट वेशीबाहेर!"

म्हाळसाने हातातला हंडा खाली ठेवला. वीस वर्षांची चाकरी! पण तोंड मागं हटणारं नव्हतं.

"करते. पण खरं बोला. सोंगटी कुणी सरकवली होती?"

राजाने इकडेतिकडे पाहिलं. "तो पाणी प्यायला वळला तेव्हा... मी. त्याने ते पाहिलं, म्हणून मीच आधी ओरडलो."

"अगं बाई! मग चिठ्ठीत हेच लिहा. आणि स्वतःच्या हातानं. कारकुनाच्या अक्षरातली माफी कारकुनाचीच!"

राजा लिहू लागला. "आमच्याकडून काही कमीजास्त झाले असल्यास..."

"असल्यास? झालंय की! खोडा."

"...परंतु तुम्हीही तडक उठून..."

"परंतु खोडा! परंतु आला की मागचं सगळं मोरीत गेलं."

"...तरी आम्हांस त्वरित क्षमा करावी."

"ती करायची का नाही, कधी करायची, ते त्यांचं ते बघतील. मारलं तुम्ही, आणि रडू नको म्हणून हुकूमही तुम्हीच सोडणार?"

शेवटी कागदावर उरलं ते इतकंच:

"केदार, सोंगटी मी सरकवली. तू पाहिलंस, म्हणून सगळ्यांसमोर तुला लबाड म्हणालो. लबाड मी होतो. माझं चुकलं. चंदू."

"चंदू?" राजा चपापला. "माझ्या अकरा पदव्या?"

"त्यांच्याशी कुठं दोस्ती होती देसायांची?"

मग म्हाळसाने फळीवरून चिनी मातीचा सट काढला. महिन्यापूर्वी देसाईणबाईंनी त्यातून लिंबाचं लोणचं पाठवलं होतं आणि भांडं परत द्यायचं राहून गेलं होतं. रिकामं भांडं परत द्यायची रीत नव्हती, म्हणून तिने त्यात करंज्या भरल्या. मधोमध ठेवली चिठ्ठी आणि राजाने सरकवलेली तीच ती लाल सोंगटी.

"एवढीच भेट?" राजा ओरडला.

"हिच्यावाचून तुमचा डाव मांडता येईल का? मग एवढीशी कशी? आणि महाराज, शिवी दरबारात दिलीत, तर चिठ्ठीही आधी दरबारातच वाचा."

"म्हणजे मान खाली!"

"वाचताना सगळ्यांचीच मान खाली असते. कोण मोजायला बसलंय!"

राजाने चिठ्ठी वाचली. भरल्या दरबारात, मोठ्याने! मग म्हाळसा स्वतःच सट घेऊन देसायांच्या दारी गेली. पहारेकरी आडवा आला.

"राजवाड्यातलं काही चालणार नाही!"

"राजवाड्यातलं कशाला? तुमच्या बाईसाहेबांचं भांडं आहे. अडव, म्हणजे त्याच तुला अडवतील!"

आतून देसाईणबाईंनी हाक मारली, "अगं, माझा सट! आण इकडे!"

दुसऱ्या दिवशी दरबार भरला होता. दारात केदारजी उभा, काखेत सट, मुठीत सोंगटी. सट लोणच्याने काठोकाठ भरलेला.

राजाचे डोळे भरून आले. पण खोड जाते थोडीच! "म्हाळसे, भेट परत आली! हरलीस!"

"परत आली कुठं, महाराज? ती परत करायला गडी येतो. हे तर स्वतः घेऊन आलेत, पुढचा डाव मांडायला!"

"आणि या खेपेला मी पाणी प्यायला वळणार नाही, चंदू!" केदारजी म्हणाला.

राजा इतका हसला, इतका हसला की मुकुट कानावर आला. "माग, म्हाळसे! काय हवं ते माग!"

"चांदीचे तोडे द्या. आणि या तिघांच्या मिशा उगवेपर्यंत माझी भांडी त्यांना घासू द्या!"