राजेसाहेबांचं पागोटं आणि आठ मात्रा

"यंदाच्या पहिल्या पावसावर कविता हवी, आणि ती पाऊस पडायच्या आत छापून हवी," कुंभारघाट संस्थानच्या राजेसाहेबांनी फर्मावलं. "वर त्यात एक शब्दही खोटा चालणार नाही."

आगटे मास्तर हात जोडून उभे होते. शाळेच्या वार्षिक अंकाचं काम त्यांच्याकडे होतं. अंक शाळा उघडण्याच्या दिवशी मुलांच्या हातात पडायचा, म्हणजे वैशाखातच छापखान्यात जायला हवा होता.

"सरकार, पडलाच नाही त्या पावसाबद्दल खरं कसं लिहायचं?" मास्तरांनी चाचरत विचारलं.

"ते तुम्ही बघा. गेल्या अंकात कोणीतरी मोर नाचवला होता. आमच्या हद्दीत मोर आहे का एक तरी? आणि गेल्या वर्षीचा पाऊस आठवून लिहिलेलं शिळं आम्हांला नको. यंदा खरी कविता आली नाही, तर अंकच बंद."

मास्तर घामाघूम होऊन परतले. सुट्टी असूनही त्यांनी वरच्या वर्गातल्या मुलांना बोलावलं आणि सगळं सांगितलं. अंकात पावसाच्या चित्राखाली आठ ओळींची जागा मोकळी आहे, त्याहून एक ओळही जास्त मावणार नाही, हेही सांगितलं. मुलं एकमेकांकडे बघू लागली. कोणी म्हणालं, हे होणारच नाही. कोणी म्हणालं, राजेसाहेबांना अंक बंदच करायचा आहे.

त्यांच्यात सगुणाही होती. ती बुरुडाची मुलगी. तिच्या घरी या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसे. सगळ्या गावाला इरली हवी असत. बांबूचा सांगाडा, त्यावर पानं, आणि ते डोक्यावर घेऊन भर पावसात भात लावायचा. घरी परतताना तिला वाटेत छपरावर चढलेले लोक दिसले. कौलं चाळणं चाललं होतं. ती मनाशी म्हणाली, पाऊस कुठे दिसत नाही, पण गावभर तोच तर दिसतो आहे.

दुसऱ्या दिवशी ती मास्तरांकडे गेली. "मास्तर, सात ओळी झाल्यात. आठवी अर्धीच आहे."

"वाच बघू."

"कौले चाळून झाली सारी..."

"थांब." मास्तरांनी बोटं उघडली. "प्रत्येक ओळीत सोळा मात्रा धरल्यास ना? आठ आणि आठ? ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन. 'चाळून' मधला 'ळू' दीर्घ आहे. सतरा झाल्या."

सगुणाने ओठांतल्या ओठांत मोजलं. "मग 'चाळुन' करते. कवितेत चालतं, तुम्हीच सांगितलं होतंत."

"चालतं. पुढे?"

पुढच्या ओळी ऐकताना मास्तरांचा चेहरा उजळत गेला. शेवटी मात्र ते थबकले. "अगं, पण हे अर्धवट का?"

"ते मी सरकारांनाच सांगेन," सगुणा म्हणाली.

वाड्यावर राजेसाहेबांनी कागद हातात घेतला आणि मोठ्याने वाचलं:

कौले चाळुन झाली सारी
नवीन इरले लटके दारी
मुंग्या अंडी घेउन चढती
माजघराच्या भिंतीवरती
पापड काढुन आणी आई
वरती बघते, करते घाई
श्वास धरूनी अंगण थिजले
आणि अचानक . . . .

"यात पाऊस कुठे आहे?" राजेसाहेबांनी भुवया चढवल्या.

"अजून पडला नाही, सरकार. पाडला असता तर खोटं झालं असतं."

"आणि बाकीचं?"

"सगळं या आठवड्यात माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मुंग्या बघायच्या असतील तर सरकारांनी आमच्या माजघरात यावं."

दरबारात खसखस पिकली. राजेसाहेबांनी हसू मिशीत दाबलं. "ते ठीक. पण शेवटची ओळ लंगडी आहे. अशी छापायची?"

"अशीच. आठ मात्रांची जागा पावसासाठी राखलीय. पहिली सर आली की ज्याने त्याने आपल्या अंकात पेन्सिलीने ओळ पुरी करावी. कोणी अडू नये म्हणून वर 'थिजले' ठेवलंय. त्याला यमक पुष्कळ मिळतं. रुजले, भिजले, शिजलेसुद्धा."

राजेसाहेबांना हुरूप आला. "मग आम्हीच पुरी करतो. आणि अचानक... पागोटे भिजले! कसं आहे?"

आगटे मास्तरांनी खाली बघितलं. सगुणाने बोटं मोजली. मग पुन्हा मोजली.

"चुकलं का?" राजेसाहेबांनी विचारलं.

"सरकारांचं पागोटं दोन मात्रांनी मोठं होतंय."

राजेसाहेबांनी स्वतः बोटांवर मोजून पाहिलं. "पा-गो-टे सहा, भि-ज-ले चार. दहा झाल्या खऱ्या. मग आता काय करावं म्हणतेस?"

"पागोटं घरी ठेवावं आणि अंगणात जावं. 'डोके भिजले' बरोबर आठ मात्रांत बसतं. पण आज लिहू नये, सरकार. डोकं अजून कोरडं आहे."

राजेसाहेब इतके हसले की पागोटं खरंच हातात काढून घ्यावं लागलं. "छापा, मास्तर. ठिपक्यांसकट छापा. अंक दर वर्षी निघेल, खर्च आमचा. आणि पोरी, तुला काय हवं ते माग."

सगुणाने मास्तरांकडे एकदा पाहिलं. "वर्गात बसून डोकं भिजत नाही, सरकार. आणि न भिजता लिहिलं तर ओळ खोटी होईल."

"म्हणजे?"

"पहिल्या पावसाच्या दिवशी शाळेला सुट्टी हवी."

"दिली," राजेसाहेब डोळे पुसत म्हणाले, "आणि त्या दिवशी दरबारालाही."