आभाराच्या यादीतलं नाव

‘गूळ घ्यायचा तर विश्वास कुणावर ठेवायचा रं? रानाच्या मालकावर, का गुळव्यावर?’

बसवंतअण्णा मगदूमांनी हे विचारलं तेव्हा धैर्यशील त्यांच्यासमोर लॅपटॉप मांडत होता. प्रश्न नवा नव्हता. कॉलेजात असताना अण्णांच्या फिल्म सर्कलमध्ये तो पहिल्यांदा आला, त्या दिवशीही अण्णांनी हेच विचारलं होतं.

‘गुळव्यावर,’ धैर्यशील म्हणाला.

‘पाठ आहे म्हणायचं.’

कोल्हापुरात गुळाची अडत चालवणारा माणूस ऊस कुणाच्या रानातला हे विचारतो, पण तेवढ्यावर माल उचलत नाही. उकळत्या रसाची काहील चुलवाणावरून कधी उतरवायची, हे ठरवतो गुळव्या. क्षणभर आधी उतरवली तर ढेप बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपते. मालकाचं नाव पाटीवर असतं. गोडी मात्र गुळव्याच्या डोळ्यांत असते, आणि तो पुढच्या साली दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर गेला की गोडीही त्याच्याबरोबर जाते.

अण्णा शाळेत फार शिकले नव्हते. सिनेमा बघायला ते या गुळाच्या अकलेवरच शिकले.

त्याची गोष्ट ते सर्कलमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. एक सिनेमा त्यांना फार आवडला. त्यात बोलणं संपल्यावरही सिनेमा एका ठिकाणी थांबून राहायचा, ती जागा त्यांच्या मनात बसली. त्याच दिग्दर्शकाचा पुढचा सिनेमा त्यांनी गाडी करून पुण्याला जाऊन पाहिला. पार बेचव. परतताना कात्रजच्या घाटात ते ड्रायव्हरला म्हणाले, ‘मालक तोच आहे, गुळव्या बदललाय.’

आता हा गुळव्या शोधायचा कुठं? सिनेमाच्या शेवटी सरकत जाणाऱ्या नावांत. लोक उठून चपला शोधतात, त्या वेळात.

अण्णांनी तो पहिला सिनेमा पुन्हा मिळवला आणि पडदा थांबवत थांबवत नावं वाचली. कथा एकाची होती, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. तोवर अण्णांना वाटे, लिहिणारा म्हणजे एकच माणूस. गाण्यांचं संगीत एकाचं आणि पार्श्वसंगीत वेगळ्याच बाईचं. संकलन वनिता रेगे.

मग त्यांनी एकेक धागा ओढून पाहिला. संवाद लिहिणाऱ्याचे दुसरे सिनेमे काढले. बोलणं खुसखुशीत होतं, पण मनातली ती जागा भरेना. पार्श्वसंगीतवालीचे पाहिले. तिथं त्यांना दोन सुंदर सिनेमे मिळाले, पण ती गोडी वेगळी. शेवटी वनिता रेगे या नावामागं गेले. एक विनोदी सिनेमा, एक खुनाचा, एक लहान मुलांचा. दिग्दर्शक तिघे, लेखक तिघे. आणि तिन्हींत ती जागा होती.

‘एका सिनेमावरून नाव धरायचं नाही,’ ते पोरांना बजावत. ‘बाकी सगळी नावं बदलली आणि गोडी तीच राहिली, तरच धरायचं.’

इंटरनेटवरच्या याद्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. तिथं कुणीही काहीही भरतं, एकाच नावाची दोन माणसं एकत्र होतात. शंका आली की सिनेमाच उघडायचा. सहायकांची नावंही वाचायची, कारण आजचा सहायक संकलक चार वर्षांनी वरच्या ओळीत येतो. हल्ली मोबाइलवर नावं सुरू झाली की चौकट आक्रसते आणि पुढचा सिनेमा चालू होतो. अण्णा त्यावर चिडायचे. म्हणायचे, ‘जेवण झाल्यावर आचाऱ्याला भेटायला निघालो, तर यानं पुढचं पान वाढलं.’

सर्कलमध्ये नावं संपेपर्यंत दिवा लागत नसे.

हे सगळं धैर्यशील घोरपडे अण्णांकडूनच शिकला होता. वनिता रेगे हे नावही त्यांच्याकडूनच त्याच्या कानावर पडलं होतं.

आता अण्णांना दिसत नव्हतं. काचबिंदूनं आधी कडा खाल्ल्या, मग मधलं. पेठेतल्या दुकानावरच्या खोलीत ते पलंगावर भिंतीला टेकून बसायचे. खाली अमावास्येमुळं बाजार बंद होता. बाहेर आभाळ दाटून आलेलं, आणि खोलीत दुपारीच तिन्हीसांजेसारखं झालं होतं.

धैर्यशीलनं आपला पहिला सिनेमा आणला होता. दुसऱ्या दिवशी त्याची अखेरची प्रत महोत्सवाला जायची होती. एकदा गेली की जी नावं त्यावर असतील तीच कायमची. पाठवण्याआधी अण्णांनी ‘जमलं’ म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

‘मी बघणार नाही, ऐकणार,’ अण्णा म्हणाले. ‘चालंल?’

‘चालेल की.’

सिनेमा सुरू झाला. अण्णा डोळे मिटून बसले. चहा आला, निवला. त्यांनी हात लावला नाही.

मध्यावर एक प्रसंग होता. मुलगा बापाशी भांडून घर सोडतो. पावलं वाजतात, फाटक वाजतं. नंतर कोणी बोलत नाही. मोरीतल्या नळाचा थेंब पडत राहतो. बाप बसलेलाच आहे.

अण्णा ताठ झाले. त्यांच्या हातानं पलंगाची कड घट्ट आवळली.

धैर्यशीलनं ते पाहिलं, पण त्याला आनंद झाला नाही.

सिनेमा संपला. शेवटचं संगीत सुरू झालं.

‘वाच,’ अण्णा म्हणाले.

धैर्यशील वाचू लागला. कलाकार. कथा. पटकथा आणि दिग्दर्शन, धैर्यशील घोरपडे. छायाचित्रण. ध्वनी. पार्श्वसंगीत...

‘संकलन?’

‘धैर्यशील घोरपडे.’

संगीत वाजत होतं. धैर्यशीलनं वेशभूषा वाचली, रंगभूषा वाचली, सहायक वाचले आणि म्हणाला, ‘झालं.’

‘संगीत कुठं संपलंय अजून?’

‘आता नुसते आभार आहेत, अण्णा. गावकरी वगैरे.’

‘वाच की. गावकऱ्यांनी काय पाप केलंय?’

धैर्यशीलनं वाचलं. ग्रामपंचायत. पोलीस पाटील. देवस्थान समिती. मांडववाले. एक बँक. चहा पुरवणारे तानाजीराव...

तो थांबला.

संगीत संपलं. खोलीत लॅपटॉपच्या पंख्याची बारीक घरघर तेवढी उरली.

‘पुढचं नाव मी सांगू?’ अण्णा म्हणाले.

धैर्यशीलनं लॅपटॉप जवळ ओढला. अण्णाच पुढं बोलले,

‘माणूस खोलीतनं गेला की लोक त्याच्यामागं पळतात. तुझा सिनेमा बापाजवळ थांबला. पुढच्या प्रसंगाचा आवाजही आधी आत घुसू दिला नाहीस. असं थांबणारी एकच बाई मला ठाऊक आहे. चार सिनेम्यांत ऐकलीय.’

धैर्यशीलनं खाली मान घालून वाचलं, ‘वनिता रेगे.’

मग त्यानं सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तो तिला पुण्यात जाऊन भेटला होता. अण्णांना चकित करायचं म्हणून बोलला नव्हता. तिनं होय म्हटलं, पैसे फार विचारले नाहीत, कागदही केला नाही. आजारी होती, तरी घरी बसून तिनं सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळवला. फाटक वाजल्यावर कापायचं, असं त्यानं हट्टानं सांगितलं होतं. तिनं ऐकलं नव्हतं. मग ती अंथरुणाला खिळली आणि अखेरची झाडझूड त्यानं स्वतः केली. काही ठिकाणी फटी होत्या, त्या सांधल्या. पहिल्याच सिनेमात पटकथा, संकलन, दिग्दर्शन तिन्ही एका नावावर, हे वजनदार दिसतं असं कुणीतरी म्हणालं. त्यालाही तसंच वाटलं. एक भाऊ सोडला तर तिचं कुणी नव्हतं, आणि भाऊ सिनेमा बघत नव्हता.

ज्या नावामागं विचारायला कुणी येणार नसतं, ते नाव खाली सरकवताना हात जड होत नाही. बाजारातही हे चालतं, आणि चालवणारे वाईटच असतात असंही नाही.

‘शेवटचं काम मीच केलं, अण्णा. ते खोटं नाही.’

‘नाही. ते खरंच आहे.’

‘आणि नाव गाळलेलं नाही मी. आहे यादीत.’

‘आहे. चहावाल्यानंतर.’

मग अण्णांनीच विचारलं, ‘अंथरुणाला खिळली म्हणालास. आता कशी आहे?’

‘होळीच्या आधी गेली.’

अण्णांनी भिंतीवरचं डोकं काढलं, पुन्हा टेकलं. डोळे जाण्याआधी त्यांनी वनिताबाईंचं नाव चार वर्षं शोधलं होतं. नवा सिनेमा आला की आधी शेवटाकडं जायचे. नाव दिसत नसे. बाई काम सोडून बसल्या असतील, लग्नकार्यात, घरसंसारात असतील, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. पुढं डोळे गेले, आणि शोधही थांबला.

त्यांनी न पाहिलेला तिचा शेवटचा सिनेमा आत्ता त्यांच्या मांडीजवळ उघडा होता.

‘तेवढा प्रसंग परत लाव,’ ते म्हणाले.

धैर्यशीलनं लावला. पावलं गेली. फाटक वाजलं. थेंब पडू लागले.

‘लाव परत.’

त्यानं लावला. अण्णांनी हात पुढं केला, चाचपत पडद्यावर ठेवला. तळव्याखाली बाप बसला होता. धैर्यशीलला वाटलं, अण्णा रडतील. ते रडले नाहीत. प्रसंग संपला तसा त्यांनी हात काढून घेतला आणि धोतराला पुसला.

‘जमलंय,’ ते म्हणाले.

हा शब्द ऐकायला धैर्यशील आला होता. त्याच्यानं मान वर करवेना.

‘आता एक सांग. तुझं संकलन मला आवडलं. मी नावामागं जाणारा माणूस. या माणसाचं आधीचं काम कुठलं? लाव, मी ऐकतो. अमावास्या आहे, मला सवड आहे.’

‘आधीचं काही नाही, अण्णा.’

‘मग पुढचं?’

‘पुढचं... मला असं थांबता येणार नाही.’

‘म्हणजे नावामागची वाट इथंच बुडाली.’

खाली कुणीतरी दुकानाचं शटर उघडलं आणि पुन्हा ओढून घेतलं. धैर्यशील लॅपटॉप मिटायला गेला, तसाच थांबला. विचारलं, ‘काय करू?’

अण्णांनी निवलेला चहा हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

‘मला काय विचारतोस? मला आता वाचता येत नाही, आणि तिला सांगता येत नाही. तुला मात्र उद्यापर्यंत नाव लिहिता येतं... हिशेब खरा ठेव, बाळा.’