पासंगोबाचा दोडका

हे लिंबाखालचे लहानसे देऊळ बघताय ना, त्यात मूर्ती नाही. आत लाल दोऱ्याने बांधलेला एक खडा आहे, सुपारीपेक्षा थोडा मोठा. याला आम्ही पासंगोबा म्हणतो आणि दर बुधवारी, बाजार भरण्याआधी, याच्यापुढे एक दोडका ठेवतो. जवळून बघायचे तर बघा, पण हात मागे ठेवून. तुमच्यावर माझा अविश्वास आहे असे नाही. शेवरगावच्या बाजारात सगळ्यांवरच अविश्वास ठेवायची पद्धत आहे आणि ती पद्धत कशी पडली तेच सांगतो.

फार जुनी गोष्ट आहे. त्या काळी बाजारावर शेटे म्हणून एक मानकरी असे. वजने तपासणे, भांडणे मिटवणे हे त्याचे काम. त्याच्या बदल्यात प्रत्येक पाटीतून मूठभर माल उचलायचा त्याला हक्क होता. त्याला फसकी म्हणत. मूठ एकच, पण मूठ केवढी हे शेटे ठरवणार. तेव्हाचे भानजी शेटे हाताने मोठे होते असे सांगतात.

याच लिंबाखाली येसू माळीण भेंडी-दोडके घेऊन बसायची. नवरा गेलेला, घरी सासू-सासरे, आणि पोट भरायला ही दोन हात जागा. तिची तागडी जुनी होती. मालाच्या पारड्याची कड मोडलेली, त्यामुळे ते पारडे हलके पडून वर राही. म्हणून तिने एक खडा चिंधीत बांधून त्या पारड्याच्या दोरीला अडकवला होता. रिकामी तागडी उचलली की दोन्ही पारडी एका रेषेत येत. असा तोल साधायला जे लावतात त्याला पासंग म्हणतात. 'तो त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' असे आपण म्हणतो ना, तोच हा.

त्या बुधवारी चिंधी फाटली. गिऱ्हाईक उभे होते, म्हणून येसूने खडा तसाच सुटा पारड्यात टाकला. ही पहिली चूक, आणि तिची एकटीचीच. गिऱ्हाईक होते भानजी शेटे. त्यांनी फसकी घेतली, वर शेरभर भेंडी मागितली. येसूने तोलली आणि पारडे त्यांच्या पिशवीत उलटे केले. भेंडीबरोबर खडाही गेला.

शेटे चार पावले गेले आणि तिची रिकामी तागडी वाकडी झाली, तेव्हा तिच्या ध्यानात आले.  बाजाराचा कायदा असा होता, की मालात दगड सापडला तर तागडी मोडायची आणि जागा काढून घ्यायची. शेट्यांनी घरी जाऊन पिशवी ओतली की संपले. बरे, 'माझा दगड द्या' असे भर बाजारात ओरडायचे तरी कसे?

म्हणून ती एवढेच ओरडली, "शेटे, वाईच थांबा!"

आता शेट्यांची बाजू ऐका. येसू पारडे उलटे करत होती, तेवढ्यात शेट्यांनी तिच्या पाटीतला एक दोडका अंगरख्याच्या बाहीत सरकवला होता. का, ते विचारू नका. हक्काची मूठ घेऊन झाली होती. चोराच्या मनात चांदणे, दुसरे काय! हाक ऐकून त्यांनी पाय उचलला. बाहीत दोडका असल्यामुळे उजवा हात कोपरात वाकेना, तो त्यांनी काठीसारखा ताठ धरला होता.

येसूही पदर खोचून झपाझप निघाली. ती धावली नाही म्हणे, कारण धावले की लोक बघतात. लोक तरीही बघत होते.

शेटे पालेभाजीच्या रांगेतून गेले आणि एकाही पाटीतून त्यांनी फसकी उचलली नाही. असे पूर्वी कधी घडले नव्हते. मेथीवाल्या बाईने शेजारणीला विचारले, "आज शेट्यांनी हात का न्हाई लावला गं?"

"तपासणी असंल," शेजारीण म्हणाली आणि तिने आपले अच्छेराचे, म्हणजे अर्ध्या शेराचे वजन मेथीच्या जुडीखाली सारले.

तपासणीची बातमी शेट्यांच्या पुढे पोचली. कांद्याच्या रांगेत धोंडू बागवानाचे शेराचे वजन खालून कोरून आत हलकी लाख भरलेली होती. ते लपवायला त्याने ढिगाच्या तळाशी हात घातला. ढिगाच्या तळाशी हात घालू नये, हे कांदेवाल्याला सांगावे लागत नाही, पण खाई त्याला खवखवे. ढीग खाली आला, कांदे वाटेत पसरले. शेटे त्यांच्यावरून गेले, पडले नाहीत, फक्त त्यांचा एक जोडा मागे राहिला. येसूने तो उचलून घेतला. आता ती जोडा हातात घेऊन शेट्यांच्या मागे लागलेली दिसू लागली.

एवढे पाहिल्यावर बाजार बसून कसा राहणार? धोंडू उठला, मेथीवाली उठली. कोणी म्हणे शेट्यांनी बाईची छेड काढली, कोणी म्हणे बाईनेच शेट्यांना लुबाडले. भोपळेवाल्याला दोन्ही गोष्टी पटल्या नाहीत, म्हणून त्याने आपले वजन चिरलेल्या भोपळ्यात दडवले आणि तोही निघाला.

बाजाराला वेस एकच, आणि वेशीत लाल भोपळ्यांची गाडी अडकलेली. शेट्यांनी गाडीवानाला "हटव!" म्हणून ताठ हात उगारला. बाही खाली आली, दोडका बाहेर आला आणि गाडीवानाच्या पायाशी पडला.

 येसू पुढे आली, तिने जोडा खाली ठेवला, शेट्यांच्या पिशवीत हात घालून खडा काढला. 

"भाजीत दगड!" शेटे म्हणाले. त्यांना बोलायला विषय मिळाला होता. "हिची तागडी मोडा!"

"मोडा की," येसू म्हणाली.  "पर आधी बघा."

तिने तागडी मागवली आणि रिकामी उचलली. मोडक्या कडेचे पारडे वर गेले. त्यात खडा टाकला, दांडी सरळ झाली. दुसऱ्या पारड्यात पावशेराचे वजन घालून तिने खड्याच्या पारड्यात तोच दोडका ठेवला आणि वर भेंड्या टाकत दांडी सरळ केली. मग दोडका-भेंड्या वजनाकडे घेतल्या आणि वजन मालाकडे, खडा मात्र जागचा हलवला नाही. दांडी सरळच राहिली.

"माजी तागडी लंगडी हाय, खोटी न्हाई," ती म्हणाली. "आता तुमची वजनं आणा."

वजने कुणापाशीच नव्हती. काही मेथीखालून निघाली, काही कांद्यांतून, एक भोपळ्यातून. येसूच्या तागडीत, तिच्या वजनापुढे, एकेक चढवले. किती हलकी निघाली ते सांगत नाहीत. एवढेच सांगतात, की त्या दिवशी दुपारपर्यंत वेशीजवळच्या विहिरीत काहीतरी जड पडत असल्याचे आवाज येत होते. म्हणून त्या विहिरीचे पाणी अजून कोणी पीत नाही.

येसूची जागा राहिली. शेट्यांनी नवी तागडी देऊ केली, ती तिने घेतली नाही. ती वारल्यावर लोकांनी खडा इथे आणून बसवला. हा तोच खडा की दुसरा, याची मला खात्री नाही. तेव्हापासून इथे विकणारा आधी रिकामी तागडी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धरतो आणि शेट्यांच्या घरातला माणूस बाजारात बाह्या कोपरापर्यंत दुमडून फिरतो.

माझ्या बाह्यांकडे तुम्ही मघापासून बघताय. होय, मी त्याच घरातला. फसकी बंद होऊन कैक वर्षे झाली, मी रोख देऊन भाजी घेतो. तरी आजही लिंबाखालच्या पाटीपाशी गेलो की येसूच्या घरची सून आधी माझे दोन्ही हात बघते, मग माझे तोंड बघते आणि मगच विचारते, "काय द्यायचं, शेटे?"