उपरण्याची गाठ

"महाराज, माती कमी पडली तर?"

"तर इथे घर नाही," सोमगिरी महाराज म्हणाले.

विश्वंभर खळखळून हसला. त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य तो, वास्तुशास्त्र मुखोद्गत. लग्नापासून बायकोसह लोकांच्या ओसरीवर राहिला होता. आज स्वतःच्या घराचं भूमिपूजन! आनंद नुसता उतू जात होता.

गणपती, कलश, कुदळ, सगळ्यांची पूजा उरकली. भूमीला पाय लागणार म्हणून क्षमा मागायची, खणायला परवानगी मागायची, तेही त्याने एका दमात म्हणून टाकलं.

आता मातीची परीक्षा. मधोमध हातभर खड्डा खणायचा आणि तीच माती परत भरायची. उरली तर जमीन उत्तम, बरोबर झाली तर मध्यम, कमी पडली तर वाईट.

पहिली कुदळ बसली. ओलसर काळीभोर ढेकळं वर आली.

"माझी माती!" विश्वंभर ओरडला. त्याने दोन मुठी उचलल्या आणि उपरण्याच्या पदरात घट्ट बांधल्या. जमलेले लोकही हसले. कार्तिकी, त्याची बायको, लाजून लाल झाली.

खणून झालं. भरायला सुरुवात झाली.

शेवटचा कण पडला... आणि खड्डा मूठभर रिकामाच राहिला.

कार्तिकीने पदर तोंडाला लावला. विश्वंभरने पुन्हा कुदळ उचलली.

"महाराज... पुन्हा खणू का? दुसरीकडे?"

महाराज जवळ आले. खड्ड्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या उपरण्याची गाठ तेवढी बोटाने टिचकी मारून हलवली.

विश्वंभर गोरामोरा झाला. मग एकदम गुडघ्यांवर बसला. गाठ सुटता सुटेना, म्हणून दातांनी सोडवली. माती खड्ड्यात पडली, खड्डा भरला, आणि वर छोटा ढीग राहिला.

"उरली! कार्तिके, उरली गं!"

ती हसता हसता रडली. मंडळींनी एकच गलका केला. कुणीतरी घंटा बडवायला लागलं.

ईशान्येच्या कोपऱ्यात पायाचा खड्डा तयार होता. तळाशी तांब्याचा कलश ठेवला. त्यात सप्तधान्य, पंचरत्न, सुपारी आणि चांदीचं इवलंसं कासव होतं. पंचामृताने न्हालेली, हळदकुंकू लावलेली शिळा विश्वंभरने दोन्ही हातांनी उचलली.

"मुहूर्त आलाय, महाराज. ठेवू का?"

महाराजांनी त्याच्या मातीने भरलेल्या ओठांकडे पाहिलं.

"मला काय विचारतोस?... जिची परवानगी मागितलीस, त्या भूमीला विचार. आणि या वेळी उत्तर येईपर्यंत थांब."