कोंडवळची हंसाक्का आणि नदीकाठचे बांध

नदीवर पूल नव्हता, आणि पलीकडच्या तीरावरचा माणूस हाक मारून बोलावला जायचा, तेव्हाची ही गोष्ट. कोंडवळ गावात हंसाक्का नावाची मास्तरीण होती. तिला सगळा गाव अक्का म्हणायचा, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. अंगानं किरकोळ, पण शाळेच्या ओट्यावर उभी राहून बोलली की आवाज नदीपार जायचा, असं म्हणतात.

कोंडवळला नदी मोठं वळण घेते. वळणाच्या पोटात खालची आळी होती, कोळ्यांची आणि मजुरांची मातीची घरं. आळीच्या वरच्या अंगाला, दोन्ही तीरांना, हळदीची रानं. दर श्रावणात पूर यायचा, रानांत पसरायचा, काही दिवस गुडघाभर उभा राहायचा आणि गाळ सोडून निघून जायचा. हळद कुजायची. माणसं हळहळायची आणि पुन्हा लावायची. खालच्या आळीच्या उंबऱ्यापर्यंत मात्र पाणी कधी आलं नव्हतं. का आलं नव्हतं, याचा कुणी विचार केला नव्हता.

शिवगोंडा पाटलानं एका उन्हाळ्यात आपल्या रानाभोवती माणूसभर उंचीचा मातीचा बांध घातला. लोक हसले. पण त्या श्रावणात सगळ्यांची हळद पाण्याखाली गेली आणि पाटलाचं रान कोरडं राहिलं. पिवळीधमक हळद निघाली. पाटील काही वाईट माणूस नव्हता. ज्याला त्याला बोलावून त्यानं बांध दाखवला, माती कशी चोपायची तेही सांगितलं. मग दोन्ही तीरांवरच्या प्रत्येक रानमालकानं ठरवलं, येत्या उन्हाळ्यात आपणही बांध घालायचा.

गावाला आनंद झाला. शाळेत सकाळच्या प्रार्थनेला पाटलाला बोलवायचं, त्याचा सत्कार करायचा, असं ठरलं. दोन शब्द बोलायला अक्काला सांगितलं. अक्का त्या दिवसांत नीट जेवत नव्हती, असं म्हणतात. तिच्या वर्गातली निम्मी मुलं खालच्या आळीतली होती. नवऱ्यामागं राहिलेली हळदीची एक पट्टी तिचीही होती, वळणाच्या अगदी तोंडाशी. तिच्या दिरानं तिथंही बांधाची माती आणून टाकली होती. ती माती बघितली की ती तिथून पाय उचलायची, आणि का ते तिला धड सांगता यायचं नाही. मग एका सकाळी घासायच्या भांड्यांपाशी बसल्या बसल्या तिला ते दिसलं.

सत्काराच्या दिवशी पोरं रांगेत उभी राहिली. मागं आयाबाया, बाजूला रानमालक. प्रार्थना झाली. अक्कानं ओट्यावर खोल परात ठेवली, तिच्यात वाटीच्या निम्म्या उंचीला येईल एवढं पाणी ओतलं. परातीच्या उतरत्या कडेला, पाण्याच्या थोडं वर, ओल्या मातीनं हरभऱ्याचे दाणे चिकटवले.

"ही नदी," ती म्हणाली. "हे दाणे म्हणजे खालची आळी. आता पाटलांचा बांध घालू."

तिनं एक रिकामी वाटी घेतली, आत दगड ठेवला म्हणजे तरंगणार नाही, आणि पाण्यात उभी केली. वाटी आतून कोरडी राहिली.

"पाणी किती चढलं?"

"चढलंच नाही," पोरं म्हणाली.

"चढलं. पण केसभर. या वाटीत जे पाणी मावलं असतं, ते सगळ्या परातीत वाटलं गेलं. कुणाला कळलंही नाही. पाटलांची हळद वाचली ती याच्यामुळं. त्यांचं पाणी आपण सगळ्यांनी थोडं थोडं झेललं."

मग तिनं पोरांना घरून आणायला लावलेल्या वाट्या एकेक करून ठेवायला सांगितल्या. प्रत्येकीत दगड. रत्ना नावाची खालच्या आळीतली मुलगी पुढं आली, मग दुसरी, मग रांगच लागली. प्रत्येक वाटी ठेवताना ती कोरडीच असायची, आणि प्रत्येक वाटीबरोबर पाणी थोडं वर यायचं. आधी हरभऱ्याचे दाणे बुडाले. माती सुटली, दाणे घरंगळत तळाशी गेले. तरी पोरं वाट्या ठेवतच होती. शेवटी पाणी वाट्यांच्या काठावर आलं आणि सगळ्या वाट्यांत शिरलं. पहिल्या वाटीतही.

मागच्या आयाबाया परात बघायला पुढं सरकल्या.

अक्का म्हणाली, "कुस्ती बघायला बसलेल्यांतला एकटा उभा राहिला तर त्याला चांगलं दिसतं. सगळे उभे राहिले तर कुणालाच आधीपेक्षा चांगलं दिसत नाही, पाय तेवढे दुखतात. एकाला जे फळलं ते सगळ्यांनी केलं की सगळ्यांना फळेल, असं मन आपोआप धरून चालतं. तिथं घात होतो. आता हे सगळ्याच गोष्टींना लावू नका. पाणी उकळून प्यायलात तर तुमचं पोट सांभाळलं जातं, गावानं उकळून प्यायलं तर गावाचं. तिथं एकाचा फायदा दुसऱ्याच्या वाट्यातून आलेला नसतो. म्हणून दर वेळी एवढंच विचारायचं. मला फायदा झाला तो कशामुळं? बाकीच्यांनी ते केलं नव्हतं म्हणून तर नाही?"

शिवगोंडा पाटलाच्या गळ्यात हार होता. त्यानं शांतपणे विचारलं, "म्हणजे अक्का, माझं चुकलं म्हणता?"

"नाही पाटील. तुमचं बरोबर होतं. म्हणूनच अवघड झालंय."

एक रानमालक म्हणाला, "परात एवढीशी. नदी केवढी."

"नदी मोठी आहे, आणि तिचा पूरही तेवढाच मोठा आहे. पसरायला तिला हीच रानं आहेत. ती सगळी बंद केलीत तर पाणी अंग चोरून वर चढणार."

"मग बांध अजून उंच घालू."

"घाला. मग ते, ज्याला बांध नाही त्याच्या घरात जाईल."

लोकांनी खालच्या आळीच्या बायांकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. मग अक्काचा दीरच म्हणाला, "वहिनी, पटतंय सगळं. पण मी एकट्यानं बांध नाही घातला आणि बाकीच्यांनी घातला, तर माझंच रान बुडणार की नाही?"

"बुडेल," अक्का म्हणाली. "दुप्पट बुडेल. म्हणून एकट्यानं थांबू नका. सगळ्यांनी मिळून थांबा. बसा, ठरवा, दर साली कुणाच्या रानात किती पाणी घ्यायचं ते."

माना हलल्या. बसायचं ठरलं. पण जो तो दुसऱ्याच्या मातीच्या ढिगाकडं बघत होता. याचा ढीग हलला तर मी माझा हलवीन, असं प्रत्येकानं मनात धरलं आणि कुणाचाच ढीग हलला नाही. वैशाख सरेपर्यंत दोन्ही तीरांवर बांध उभे राहिले, अक्काच्या पट्टीवरसुद्धा. नदी त्यांच्यामधून गल्लीतून जावी तशी जाऊ लागली. अक्का रोज शाळेत जाताना बांधावरून जायची आणि खाली बघायची नाही, असं म्हणतात.

श्रावणात पाऊस लागला तो उघडलाच नाही. अक्का खालच्या आळीत दारोदार फिरली. पोरंबाळं, म्हातारी माणसं, शेरडं, सगळ्यांना तिनं शाळेच्या टेकाडावर चढवलं. रत्नाची आजी तानूबाई तेवढी उंबऱ्यात बसून राहिली. "माझ्या जन्मात पाणी इथं आलं नाही," ती म्हणाली. अक्कानं तिचा हात धरला, तिनं सोडवून घेतला. "तू म्हणतीस ते खरं असंल बाई. पण मी या घरात आले ती नवरी होऊन. आता कुठं जाऊ?"

दुपार टळता टळता पाणी आळीत शिरलं. पसरायला जागा नव्हती म्हणून ते उभंच आलं. मातीच्या भिंती साखरेसारख्या विरघळल्या. टेकाडावरून रत्नानं आजीचं घर बसताना बघितलं. ती रडली नाही. तिनं अक्काकडं बघितलं, आणि ती नजर अक्काला सोसली नाही.

अक्कानं कुणाची तरी कुदळ उचलली आणि ती उतरली. बांधाच्या माथ्यावर जागोजाग रानमालक उभे होते, आपापल्या बांधाला पोती लावत, माती टाकत. पाणी माथ्याला चार बोटं कमी होतं, सगळीकडं सारखंच. अक्का आपल्या पट्टीच्या बांधावर गेली आणि तिनं तो फोडला. पाणी धाड धाड आत पडलं. हळद क्षणात दिसेनाशी झाली. तिनं नदीकडं बघितलं. नदी तेवढीच होती.

शेजारच्या बांधावर शिवगोंडा पाटील होता. ती त्याला म्हणाली, "पाटील, माझं फोडलं. पाणी उतरलं नाही. एकीच्यानं उतरणार नाही, हे मीच शिकवलंय. पण टेकाडाच्या पायथ्याला पाणी लागलंय आणि वर पोरं आहेत."

पाटलानं मागं वळून आपलं कोरडं रान बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं, असं म्हणतात. मग त्यानं पोतं खाली टाकलं आणि कुदळ घेतली. त्याचं बघून शेजाऱ्यानं घेतली. मग त्याच्या शेजाऱ्यानं. पलीकडच्या तीरावरच्यांना हाक ऐकू जाण्यासारखी नव्हती, एवढा पाण्याचा घोष होता. तरी अक्काचा आवाज तिथं पोचला. पट मांडून हजेरी घ्यावी तसं ती एकेकाचं नाव घेत होती, आणि ज्याचं नाव येईल त्याची कुदळ पडत होती. बांधामागून बांध फुटले. नदी रानांत पसरली आणि पाणी हातभर उतरलं. टेकाड वाचलं.

शेवटचं नाव घेऊन झालं तेव्हा तिच्या पायाखालची माती सुटली होती. तिनं पाडलेलं भगदाड रुंदावत तिच्यापर्यंत आलं होतं. पाटलानं तिला बघितलं, आणि मग त्याला नुसता बांध दिसला.

ती सापडली नाही. पूर ओसरल्यावर रानांत गाळ होता, फक्त तिच्या पट्टीत स्वच्छ वाळू होती आणि वाळूवर बाईमाणसाची पावलं उमटली होती, नदीकडं जाणारी, असं म्हणतात. खालची आळी पुन्हा वसली नाही. तानूबाईच्या घराच्या जागी आता बाभळी आहेत. शिवगोंडा पाटील त्यानंतर बरीच वर्षं जगला. त्यानं हळद लावली, पण हळदीच्या रानात तो स्वतः कधी गेला नाही. रत्नाला शाळेत कुणी पाण्याचं गणित घातलं तर ती पाटी खाली ठेवायची.

कोंडवळात आजही रानांना बांध आहेत. पण ज्येष्ठ संपायच्या आत एक दिवस असा येतो, की दोन्ही तीरांवरचा प्रत्येक रानमालक कुदळ घेऊन आपल्या बांधावर उभा राहतो. त्या दिवसाला अक्काचा दिवस म्हणतात. नैवेद्य नाही, वाजंत्री नाही. सगळे उभे राहिले, की सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या बांधाला पुराच्या पाण्यासाठी वाट पाडायची, कुणी आधी नाही, कुणी मागून नाही. एखाद्या वर्षी एखादा येत नाही. त्याचं मन होत नसतं, आणि का होत नसेल ते बाकीच्यांना ठाऊक असतं. त्याला कुणी बोलवायला जात नाही, कुणी शिवीही देत नाही. उन्हं डोक्यावर येतात, हात भरून येतात. तो आपल्या बांधावर येऊन उभा राहीपर्यंत दोन्ही तीरांवर एकही कुदळ खाली पडत नाही.