ठेचा आणि सळई

"म्हणजे, बाबा, वर्तमानकाळात लिहू की भूतकाळात? एकच काय ते सांगा."

प्रभाकर तायडे विचारत होते. वीज खात्यातले निवृत्त लाइनमन. छातीला दोन पेनं आणि पिशवीत आत्मचरित्र. लेखन शिबिराचं प्रमाणपत्रही बरोबर आणलं होतं. मठीत ते कुणी मागितलं नव्हतं.

भिकनबाबा सुपारी कातरत होते.

मी चुलीपाशी. मठीचा स्वयंपाकी, नाव धोंडू. शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून.

"दोन्ही करून पाहिलं," तायडे म्हणाले. "एकच प्रकरण. गफूरचं."

गफूर म्हणजे त्यांचा जोडीदार. एकोणीस वर्षांपूर्वी तायड्यांनी 'चढ' म्हटलं, तो खांबावर चढला आणि उजवा हात कोपरापासून गमावून बसला. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. गफूर हो म्हणाला तरच पुस्तक छापायचं, अशी तायड्यांची शपथ.

"आधी भूतकाळात लिहून पाठवलं. पानं परत आली. वर चिठ्ठी, 'यात वीज नाही.' मग शिबिरात कळलं, वर्तमानकाळ जिवंत असतो. सगळं तसं केलं. पुन्हा परत. चिठ्ठी, 'यात तू नाहीस.'"

"वाच," बाबा म्हणाले.

तायड्यांनी पहिलं वाचलं. "त्या दुर्दैवी दुपारी माझ्या जीवनाला कलाटणी मिळाली. पुढे अनेक वर्षं मी त्या घटनेचा विचार करत राहिलो. नियतीने..."

मला जांभई आली. बाबांनाही आली, पण ते बाबा आहेत म्हणून दाढीत लपली.

"दुसरं वाच."

"मी स्विच पाडतो. फ्यूज काढतो. ऊन डोक्यावर आहे. मी म्हणतो, चढ. गफूर चढतो. त्याचे बूट माझ्या डोळ्यांसमोरून जातात. तो हात लावतो. ठिणगी. मी ओरडतो."

माझ्या हातातली पळी थांबली.

"चांगलं आहे की," मी म्हणालो. "बूट दिसले मला."

"शिबिरात टाळ्या पडल्या याला," तायडे म्हणाले. मग आवाज खाली गेला. "गफूरनं परत पाठवलं."

बाबांनी मला खूण केली. मठीत नव्या माणसाला आधी भाकरी आणि माझा ठेचा देतात. एवढा मोठा गोळा घालावा असं मात्र कुणी सांगितलेलं नाही, ती माझी भक्ती.

तायड्यांनी ऐटीत मोठा घास घेतला.

"कसा आहे?" बाबांनी विचारलं.

तायड्यांचे कान लाल. नाकातून, डोळ्यांतून धार. हात हवेत.

"पा... पाणी."

मी तांब्या शोधत बसलो. तांब्या माझ्या मांडीमागेच होता. पण शोधण्यात एक आनंद असतो.

पाणी झालं, गूळ झाला, तायडे माणसात आले. बाबांनी पुन्हा विचारलं, "कसा होता?"

"मिरची लवंगी. लसूण खरपूस भाजलेला. दाणे जरा कमी. माझी आई पाट्यावर वाटायची, त्याची आठवण झाली. आणि हा तुमचा धोंडू हरामखोर आहे."

"लसूण कधी कळला?"

"...नंतर."

"घास तोंडात होता तेव्हा?"

"तेव्हा फक्त आग होती."

बाबा पुन्हा सुपारी कातरू लागले. "आता कागद बाजूला ठेव. मला सांग, काय झालं."

"आम्ही सकाळी जीपनं निघालो होतो," तायडे सांगू लागले. "वादळानं तारा पडल्या होत्या. मी स्विच पाडला, फ्यूज काढले. गफूरला म्हणालो, चढ. विडी पेटवायला खाली वाकलो, आणि वर बघतो तर काय, गफूर तारेला चिकटलाय. हलत नाही. मी धावतो, ओरडतो, आणि..."

"स्विच तर पाडला होता," बाबा म्हणाले. "वीज आली कुठून?"

"कुणाच्या तरी जनरेटरची वीज तारेत उलटी आली. तसं होतं कधी कधी. म्हणून चढण्याआधी तारांना सळई लावून तिची साखळी जमिनीत सोडायची असते. आलीच वीज, तर मातीत जाते."

"सळई कुठे होती?"

"जीपमध्ये. मी काढलीच नव्हती."

"दुसऱ्या पानांत ती का नाही?"

"कशी असेल? तेव्हा ती माझ्या ध्यानातच नव्हती. जे ध्यानात नाही ते वर्तमानकाळात कसं..."

तायडे आपल्याच पानांकडे बघत राहिले. बूट होते, ऊन होतं, ठिणगी होती. सळई नव्हती. टाळ्या घेऊन माणूस मजेत लपला होता.

पहिली पानं त्यांनी स्वतःच उलटली. तिथे नियती होती, कलाटणी होती. सळई तिथेही नव्हती.

ते तिथेच मांडी घालून लिहायला बसले. घटकाभरानं पान पुढे केलं. 'मी स्विच पाडतो' याच्या आधी नवीन वाक्य होतं, 'त्या दिवशी मी सळई काढली नव्हती.'

बाबांनी वाक्यावर बोट ठेवलं. बोट हळूहळू खाली सरकवलं. बुटांवरून, ठिणगीवरून, ओरडण्यावरून... आणि पानाच्या शेवटी ठेवलं.

"तुला कधी आठवलं?"

"दवाखान्यात. डॉक्टर बाहेर आले तेव्हा."

बाबांनी बोट तिथून हलवलं नाही.

"पण बाबा, असे दोन काळ एका पानात? शिबिरात म्हणाले, एक धरा नि सोडू नका."

"धोंड्या, गेल्या वर्षी बाजारात काय झालं?"

"गेल्या वर्षी एकादशीला मी मिरच्या आणायला गेलो होतो," मी म्हणालो. "कोपऱ्यावर वळतो आणि बघतो तर काय, बाबा गाडीवर भजी हाणतायत. मला बघतात, तोंड फिरवतात. उपास होता म्हणे यांचा. तेव्हापासून मी एकादशीला यांचं ताट वाढत नाही."

"यात तू वाट चुकलास कुठे?" बाबांनी तायड्यांना विचारलं.

"नाही चुकलो."

"का?"

"'बघतो तर काय' म्हणून तो मला आत घेऊन गेला. 'तेव्हापासून' म्हणून बाहेर आणलं."

चौथी शिकलेला मी असा शिबिराच्या वर बसलो. त्या आनंदात बाबांच्या भज्यांचं पाप मी माफ केलं.

पानं तिसऱ्यांदा गेली. सकाळची निघण्याची हकिगत भूतकाळात. 'वर बघतो तर' पासून वर्तमान, ठिणगीपर्यंत. मग दवाखान्याचं दार, आणि तिथे, 'सळई जीपमध्येच होती. ती काढणं माझं काम होतं. मी काढली नव्हती. हे मी एकोणीस वर्षं कुणाला सांगितलं नाही.' नियतीला घरी पाठवलं होतं.

आठ दिवस पोस्टानं काही आलं नाही. तायड्यांनी मठीचं अंगण इतक्यांदा झाडलं की माती कमी झाली.

नवव्या दिवशी एक माणूस टेकडी चढून आला. सदऱ्याची उजवी बाही खिशात खोचलेली, डाव्या हातात पानं.

तायडे झाडू धरून उभेच.

"पर्भ्या," गफूर म्हणाला, "ठिणगी वाचताना माझा नसलेला हात दुखला."

"आणि एकोणीस वर्षं मला वाटत होतं, सळई मीच विसरलो, म्हणून तू बोलणं टाकलंस. शुद्धीवर आलो तेव्हा आधीचं काहीच आठवेना."

तायड्यांच्या हातून झाडू पडला.

"तू लिहिलंस म्हणून कळलं. आता तुला शिव्या देता येतील मला. मोकळेपणानं." गफूर हसला, दातांसकट. पानं तायड्यांच्या छातीवर आपटली. "छाप. पहिली प्रत मला."

मग दोघं अंगणात एकमेकांना धरून असे नाचले की तीन हातांत मावेनात. गफूर शिव्या देत होता, तायडे एकेक शिवी मान हलवून घेत होते. मी थाळी बडवली. बाबांनी सुपारी पहिल्यांदाच खाली ठेवली.

धाप लागल्यावर तायडे बाबांसमोर बसले. "पण बाबा, खरा काळ कोणता, ते राहिलंच."

बाबांनी ठेच्याची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

"खा. पाणी मात्र हाताशी ठेव."